न उघडलेल्या पानाचा आकडा

ब्राउझरमध्ये लिंक दाबली की सर्व्हरकडून दोन गोष्टी परत येतात. एक म्हणजे वाचणाऱ्याला दिसणारे पान, आणि दुसरी म्हणजे त्या पानाच्या पुढे चालत येणारा तीन अंकी आकडा. सगळे सुरळीत असेल तेव्हा हा आकडा २०० असतो आणि तो कोणाच्या नजरेस पडत नाही. काही बिनसले की मात्र तो पडद्यावर उमटतो. पान सापडले नाही तर ४०४, पान पाहण्यास मनाई असेल तर ४०३ आणि सर्व्हरच्या आतच काही बिघडले तर ५००. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली ही देवाणघेवाण साध्या मजकुराची असते:

```
GET /ank/2019/diwali.html HTTP/1.1
Host: example.org

HTTP/1.1 404 Not Found
Content-Type: text/html
```

पहिल्या दोन ओळी ब्राउझरच्या, पुढच्या दोन सर्व्हरच्या. या उत्तरानंतर एक पान येते. ते कोरडे असेल, सजवलेले असेल किंवा चक्क मराठीत माफी मागणारे असेल. पान माणसासाठी असते. आकडा ब्राउझर, शोधयंत्रे आणि मधले सर्व्हर वाचतात. संकेतस्थळाच्या मालकाने पान आणि आकडा यांत एकवाक्यता ठेवली नाही, तर माणसाला एक सांगितले जाते आणि यंत्राला दुसरेच. पुढे येणारे बरेचसे घोटाळे याच एका गोष्टीतून निघतात.

सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची पहिली आवृत्ती तयार केली, तेव्हा हे आकडे नव्हतेच. चूक झाली तरी साधे पान यायचे आणि ते चुकीचे आहे हे माणसाने वाचूनच ओळखायचे. थोड्याच काळात नियमावलीच्या मसुद्यात आकडे आले आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १.० आवृत्तीत ते पक्के झाले. सर्नमध्ये ४०४ क्रमांकाच्या खोलीत पहिला सर्व्हर होता आणि त्यावरून हा आकडा पडला, ही गोष्ट फार ठिकाणी सांगितली जाते. बर्नर्स-ली यांचे सहकारी रॉबर्ट कायो यांनी ती साफ खोडून काढली आहे. आकड्यांची रचना खोलीवरून नव्हे, तर वर्गवारीवरून झाली. ४ने सुरू होणारा आकडा सांगतो की आलेली मागणी पुरी करण्याजोगी नाही. ५ने सुरू होणारा सांगतो की मागणी ठीक दिसते, पण सर्व्हरला ती पुरी करता आली नाही.

येथे एक गैरसमज सहज होतो. ४चा आकडा आला म्हणजे चूक पाहुण्याची, असे नव्हे. चुकीची लिंक मालकानेच आपल्या मुखपृष्ठावर ठेवलेली असू शकते. पाहुण्याने ती फक्त दाबली.

आणखी एक गोष्ट आधी पाहून घ्यावी लागते. आकडा आला, याचा अर्थ पलीकडे कोणीतरी सर्व्हर जागा आहे. "This site can't be reached" असा संदेश ब्राउझर स्वतः तयार करतो. त्या वेळी कोणत्याही सर्व्हरकडून उत्तर आलेले नसते. पाहुण्याचे इंटरनेट बंद असेल, संकेतस्थळाच्या नावाची मुदत संपली असेल किंवा यंत्रच बंद पडले असेल. अशा वेळी मालकाने सर्व्हरच्या नोंदी चाळून उपयोग नसतो, कारण जी मागणी पोहोचलीच नाही तिची नोंद कुठून असणार?

सर्वांत जास्त भेटणारा आकडा ४०४. त्याच्यामागे तीन शक्यता असतात. पत्ता चुकला, पान दुसरीकडे हलवले किंवा ते काढून टाकले. सर्व्हरला यातले नेमके काय घडले हे बहुधा ठाऊक नसते आणि पान पुन्हा येईल की कायमचे गेले, याबद्दलही ४०४ काही सांगत नाही. पान कायमचे काढले असेल आणि मालकाला तसे सांगायचे असेल, तर त्यासाठी ४१० हा वेगळा आकडा आहे. तो फार कमी जण वापरतात.

पाहुण्याला अशा वेळी करण्याजोग्या गोष्टी थोड्या, पण उपयोगी आहेत. पत्त्याच्या शेवटी पूर्णविराम, स्वल्पविराम किंवा कंस चिकटला असेल तर तो काढावा. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरून आलेल्या लिंकांत हे नेहमी घडते. त्यानंतर पत्ता उजवीकडून एकेका तिरक्या रेघेपर्यंत कापत मागे यावे. `/ank/2019/diwali.html` नसेल, तर `/ank/2019/` किंवा `/ank/` मिळू शकते. तेही जमले नाही तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये तो पत्ता टाकावा. पानाची जुनी प्रत तिथे जतन झालेली असेल, तर ती तारखेसह दिसते. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर मिळत नव्हती. म्हणजे जुन्या लिंकवर ४०४ दिसणे हा अपवाद राहिलेला नाही.

देवनागरी पत्त्यांची अडचण वेगळी आहे आणि मराठी वाचकाला ती वारंवार भेटते. ब्राउझरच्या पट्टीत पत्त्याचा शेवट `/मराठी` असा दिसत असला, तरी प्रत्यक्षात पाठवला जातो तो असा:

```
/%E0%A4%AE%E0%A4%B0%E0%A4%BE%E0%A4%A0%E0%A5%80
```

अक्षर असो, काना असो की वेलांटी, प्रत्येक चिन्हाची नऊ रोमन चिन्हे होतात. पत्ता लांबलचक होतो, कुठेतरी मध्येच तुटतो आणि उरलेल्या अर्ध्या पत्त्यावर पान सापडत नाही. याहून फसवा प्रकार "दऱ्या" किंवा "सुऱ्या" यांसारख्या शब्दांत होतो. त्यातला अर्धा र संगणकावर दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. सर्व्हर मात्र अक्षरे पाहत नाही, त्यांचे संकेत जुळवून पाहतो. एका रीतीने तयार केलेले पान दुसऱ्या रीतीने टंकलेल्या पत्त्यावर मिळत नाही, आणि पत्ता कितीही तपासला तरी चूक डोळ्यांना दिसत नाही. अशा वेळी पत्ता हाताने टंकण्यापेक्षा मूळ पानावरून नक्कल करून घेणेच बरे. मालकासाठी यातून निघणारा निष्कर्ष असा, की मथळा मराठीत हवाच, पण पत्ता छोट्या रोमन शब्दांचा ठेवला तर ही डोकेदुखी टळते.

मालकाच्या बाजूने ४०४ कसा वाचायचा, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहता येईल. समजा, एका तालुक्याच्या गावातील वाचनालयाने आपल्याकडच्या दिवाळी अंकांची सूची संकेतस्थळावर ठेवली आहे. आधी ती साध्या फायलींत होती आणि सर्व्हर विंडोजचा होता. नंतर सगळे लिनक्सच्या सर्व्हरवर, वर्डप्रेसमध्ये हलवले. मुखपृष्ठ उघडले, चार पाने पाहिली, सगळे छान दिसले. दोन दिवसांनी "अंक दिसत नाहीत" असे फोन येऊ लागले. सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, अशा ओळी होत्या:

```
203.0.113.25 - - [12/Nov/2024:10:14:07 +0530]
"GET /ank/2019/diwali.html HTTP/1.1" 404 196
"https://example.org/suchi" "Mozilla/5.0"
```

यात पाहुण्याच्या यंत्राचा पत्ता, वेळ, मागितलेले पान, दिलेला आकडा आणि उत्तराचा आकार आहे. त्यापुढचा पत्ता सर्वांत कामाचा. पाहुणा कोणत्या पानावरून आला, हे तो सांगतो. येथे तो वाचनालयाचेच सूचीचे पान दाखवतो, म्हणजे मोडकी लिंक घरातलीच आहे आणि ती तिथेच दुरुस्त करायची. त्या जागी दुसऱ्याचे संकेतस्थळ दिसले, तर तिथली लिंक मालकाच्या हातात नसते. मग जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्याकडे पाठवावे लागते. अपाचे सर्व्हरवर त्यासाठी एक ओळ पुरते:

```
Redirect 301 /ank/2019/diwali.html /diwali-2019/
```

३०१ म्हणजे पान कायमचे हलले. ब्राउझर आपोआप नव्या जागी जातो आणि शोधयंत्रही हळूहळू नवा पत्ता धरते. नोंदीत काही ४०४ असेही निघाले, की ज्यांत फाइल जागेवर होती, पण तिचे नाव `Diwali.PDF` होते आणि लिंकमध्ये `diwali.pdf`. विंडोजला हा भेद जाणवत नाही. लिनक्सच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या फायली. सर्व्हर बदलल्यावर अचानक उगवणाऱ्या ४०४ मागे हे कारण इतक्यांदा असते, की ते सर्वांत आधी तपासावे. उरलेल्या ओळींत `/.env` यांसारखी नावे शेकड्याने दिसतात. कच्चे दुवे शोधत फिरणारे आपोआप चालणारे प्रोग्राम ती विचारत असतात. तिथे ४०४ जाणे हेच योग्य. ४०४ची एकूण संख्या पाहून घाबरणाऱ्या मालकाने हा गाळ आधी बाजूला काढावा.

एकेका पत्त्याची वाट लावून देण्याचा कंटाळा आला, की सगळे ४०४ मुखपृष्ठाकडे वळवण्याचा मोह होतो. हा उपाय वाईट आहे. २०१९चा अंक शोधत आलेल्याला मुखपृष्ठ दिसते, आपण कुठे चुकलो हे त्याला कळत नाही आणि तो निघून जातो. गूगल अशा वळवण्याला बहुधा ४०४च समजते, म्हणजे शोधातही फायदा नाही. त्यापेक्षा स्वतःचे नीट पान असावे. हे पान इथे नाही असे स्वच्छ सांगणारे, शोधाची चौकट आणि सूचीची लिंक देणारे. मात्र ते बसवतानाही एक खाच आहे:

```
ErrorDocument 404 /nahi.html
ErrorDocument 404 https://example.org/nahi.html
```

या दोन ओळी सारख्याच वाटतात. पहिली बरोबर आहे, दुसरी घोटाळा करते. पूर्ण पत्ता दिला की अपाचे आधी ३०२ पाठवून ब्राउझरला दुसऱ्या पानाकडे वळवतो आणि ते पान २०० घेऊन उघडते. माणूस "पान सापडले नाही" असे वाचतो, यंत्राला मात्र "सगळे ठीक" असे कळते. पडद्यावर काहीच वावगे दिसत नसल्याने हा दोष महिनोन्‌महिने राहतो. नसलेला एखादा पत्ता मुद्दाम विचारून फक्त आकडा पाहिला, की तो सापडतो:

```
curl -I https://example.org/asa-patta-nahi
```

पहिल्या ओळीत 404 यायला हवे. 200 किंवा 302 आले, तर पान खोटे बोलते आहे.

४०३ची गोष्ट निराळी. येथे सर्व्हरला मागणी समजली आहे, पण तो ती पुरी करायला नकार देतो. ४०१ म्हणजे आधी ओळख पटवा. ४०३ मध्ये तशी सवलत गृहीत नसते, कारण लॉगिन करूनही मनाई कायम राहू शकते. पाहुण्याने दोन गोष्टी करून पाहाव्यात. दुसऱ्या खात्याने लॉगिन झाले आहे का ते पाहावे, आणि व्हीपीएन चालू असेल तर ते बंद करावे. अनेक संकेतस्थळे यंत्राच्या पत्त्यावरून देश ओळखतात आणि ठरावीक देशांबाहेरच्यांना अडवतात. भारतातील काही सरकारी संकेतस्थळे परदेशातून उघडत नाहीत. गावाकडच्या जमिनीचा किंवा कराचा कागद अमेरिकेत बसून पाहू गेलेल्या मराठी माणसाला ४०३ दिसतो, तो बहुधा यामुळे. कधी आकडाही येत नाही, पान नुसते ताटकळत राहते. त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न करून काही साधत नाही. भारतातल्या नातेवाइकाकडून तो कागद काढून घेणे सोपे.

मालकाच्या बाजूला बहुतेक ४०३ अनवधानाने लागलेले असतात. वाचनालयाच्या उदाहरणात मुखपृष्ठांची छायाचित्रे एका फोल्डरमध्ये होती आणि तो फोल्डर उघडताच मनाई दिसे. चुकांच्या नोंदीत अपाचेने कारण लिहून ठेवले होते:

```
AH01276: Cannot serve directory /var/www/html/chitre/:
No matching DirectoryIndex (index.html) found, and
server-generated directory index forbidden by
Options directive
```

म्हणजे फोल्डरमध्ये `index.html` नाही आणि फायलींची यादी आपोआप दाखवण्यास बंदी आहे. ही बंदी चांगली असते, ती उठवू नये. फोल्डरसाठी एक पान तयार करणे हा उपाय. एकेक छायाचित्रही उघडत नसेल, तर अडचण परवानग्यांची असते. नोंदीत "Permission denied" दिसते. फायलींना साधारणपणे 644 आणि फोल्डरांना 755 ही परवानगी लागते. म्हणजे मालकाला लिहिता येते आणि इतरांना फक्त वाचता येते. वरच्या एखाद्या फोल्डरची परवानगी चुकली तरी आतले सगळे बंद होते, म्हणून तपासणी फाइलपाशी थांबवू नये. वैतागून सगळ्यांना 777 देण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्यामुळे ४०३ जाईलही, पण त्या यंत्रावरच्या कोणालाही त्या फायली बदलता येतील.

कधी कधी मनाई असूनही सर्व्हर मुद्दाम ४०४ सांगतो, आणि नियमावलीला ते मान्य आहे. "तुम्हाला परवानगी नाही" असे म्हणताच ती वस्तू तिथे आहे हे उघड होते. गिटहबवर दुसऱ्याचा खासगी प्रकल्प उघडायला गेल्यास ४०३ नव्हे, ४०४ मिळतो. म्हणून आपलेच एखादे पान ४०४ दाखवू लागले, तर आपण लॉगिन केले आहे ना, हे पाहणे शहाणपणाचे.

५००चा आकडा पाहुण्याला सर्वांत कमी सांगतो. आत काहीतरी मोडले, एवढेच. त्याने आपल्याकडे काही दुरुस्त करण्यासारखे नसते. थोडा वेळ थांबावे आणि मालकाला कळवायचे असल्यास पत्ता आणि नेमकी वेळ कळवावी. वेळ कळली की मालकाला नोंदीतली ओळ लगेच सापडते. मालकाच्या नोंदीत कारण बहुधा उघड लिहिलेले असते. वर सांगितलेल्या वळवण्याच्या ओळी लिहिताना वाचनालयाच्या माणसाकडून `.htaccess` फायलीत `RewriteEngine`मधले शेवटचे अक्षर सुटले असते, तर सगळे संकेतस्थळ एका क्षणात ५०० दाखवू लागले असते आणि नोंदीत "Invalid command 'RewriteEngin'" असे आले असते. हे तपशील नोंदीतच राहावेत. चूक शोधायला सोपे जावे म्हणून ते पानावर छापण्याची सोय प्रोग्रामांत असते. ती चालू राहिली, तर फायलींच्या जागा आणि क्वचित डेटाबेसची माहितीही परक्याच्या हाती पडते.

५०० च्या पाठोपाठ ५०२, ५०३ आणि ५०४ येतात, आणि त्यांच्यातला फरक कामाचा आहे. मोठ्या संकेतस्थळांत पाहुण्याशी बोलणारा सर्व्हर वेगळा आणि मागे खरे काम करणारा वेगळा असतो. मागच्याने निकामी उत्तर दिले किंवा तो बंदच असला, तर पुढचा ५०२ सांगतो. मागचा वेळेत उत्तर देत नसेल, तर ५०४. एनजिनएक्स हा सर्व्हर कोणी बदल न केल्यास ६० सेकंद वाट पाहतो. गर्दी झेपत नाही किंवा दुरुस्ती चालू आहे, हे सांगण्यासाठी ५०३ आहे. दहावी-बारावीच्या निकालाच्या दुपारी लाखो विद्यार्थी एकाच घटकेला तोच पत्ता उघडतात, तेव्हा हेच आकडे दिसतात. तेव्हा दर दोन सेकंदांनी पान ताजे करणे सर्वांनाच महागात पडते. प्रत्येक वेळी नवी मागणी जाते, आणि आधीचीवर मागे काम चालूच असू शकते.

हीच बाब पैशाच्या व्यवहारात फार जपून घ्यावी लागते. ५०४ म्हणजे काम झाले नाही, असे नव्हे. पुढच्या सर्व्हरने वाट पाहणे सोडले, एवढेच त्यातून कळते. मागच्या सर्व्हरने पुढच्या दहा सेकंदांत पैसे वळते केलेले असू शकतात. शुल्क भरताना ५०४ आला, तर दुसऱ्यांदा भरण्याआधी बँकेचा संदेश आणि खात्याचा उतारा पाहावा. मालकाने प्रत्येक व्यवहाराला एक क्रमांक देऊन, तोच क्रमांक पुन्हा आल्यास पैसे पुन्हा कापले जाणार नाहीत, अशी व्यवस्था ठेवावी.

संकेतस्थळ दुरुस्तीसाठी मुद्दाम बंद ठेवायचे असेल, तेव्हा पुष्कळ मालक "काम चालू आहे" असे सुंदर पान लावतात आणि आकडा २०० राहू देतात. शोधयंत्र येते आणि सूचीतल्या प्रत्येक पत्त्यावर तेच एक वाक्य आहे, असे नोंदवून घेते. खरा आकडा ५०३. सोबत पुन्हा केव्हा यावे, हे सेकंदांत सांगता येते:

```
HTTP/1.1 503 Service Unavailable
Retry-After: 3600
```

हे वाचून शोधयंत्र जुनी नोंद तशीच ठेवते आणि नंतर पुन्हा फिरकते. मात्र ही सवलत थोड्या दिवसांचीच असते. ५०३ दीर्घकाळ चालू राहिला, तर ती पाने शोधाच्या यादीतून गळू लागतात.